ब्लॉक पद्धत चुकीची नाहीये

"तुलनात्मक निबंध मुद्द्यामुद्द्यानेच लिहायचा, ब्लॉकने, म्हणजे आधी एक विषय पूर्ण आणि मग दुसरा असा लिहिला की मार्क कापतात, खरंय का?"

नाही हो, असा काही नियम नाहीये, निबंधातून काय सांगायचंय त्यावर ठरतं. राजगड आणि रायगड घ्या. प्रश्न असा असेल की राजधानीसाठी कुठला गड जास्त सोयीचा, तर मुद्द्यामुद्द्यानेच लिहा, म्हणजे माथ्यावरची जागा घेतली की त्याच परिच्छेदात राजगडाच्या तीन माच्यांत विभागलेली जागा आणि रायगडाचा ऐसपैस माथा शेजारी शेजारी येतात अन् निकाल तिथेच लागतो. पण वाचकाने दोन्ही गड पाहिलेलेच नाहीत आणि तुम्हाला प्रत्येकाचं अख्खं चित्र उभं करायचंय, तर ब्लॉकच बरा, नाहीतर दर दोन वाक्यांनी इकडून तिकडे उड्या मारून त्याच्या डोळ्यासमोर एकही गड धड उभा राहत नाही.

मार्क जातात ते वेगळ्याच कारणाने. दुसरा ब्लॉक एकटाच वाचून बघा, त्यात राजगडाचं नावही नसेल तर ती तुलना नाही, दोन सुटे निबंध झाले. म्हणून दुसऱ्यातही मुद्द्यांचा क्रम तोच ठेवा आणि "राजगडावर माच्या वेगवेगळ्या होत्या, इथे मात्र" असं मागचं धरून लिहा.