एका रकान्यासाठी अपडेट का थांबलं

ग्राहकाचा अभिप्राय: "बुकिंगच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवायला सांगितला, तर अपडेट अडकवून ठेवलं आणि वर टेस्टिंगचे पैसे लावले. मी चाचणी साइटवर स्वतः बुकिंग करून पाहिलं, सगळं व्यवस्थित चाललं. मग हा खर्च कशाला?"

नमस्कार. तुमचं बुकिंग व्यवस्थित झालं, कारण त्या वेळी साइटवर तुम्ही एकटेच होता. अडचण दिसायला तुमचे दोन ग्राहक एकाच वेळी बुकिंग करणारे हवेत.

नवा रकाना बसवताना फॉर्म दोन पानांचा झाला. पूर्वी वेळ मोकळी आहे का हे बघणं आणि ती वेळ दहा मिनिटांसाठी राखून ठेवणं एकाच पायरीत व्हायचं. आता बघणं पहिल्या पानावर राहिलं आणि राखणं दुसऱ्यावर गेलं. आमची ऑटोमेटेड टेस्ट दोन स्वतंत्र ब्राउझर सेशन उघडते, दोघांनाही शेवटची उरलेली वेळ निवडायला लावते आणि दोन्ही पानं भरते. एकाला पेमेंटचं पान मिळावं आणि दुसऱ्याला "ही वेळ आता उपलब्ध नाही" असं दिसावं, ही अपेक्षा. पेमेंटचं पान दोघांनाही मिळालं आणि टेस्ट फेल झाली. हेच लाइव्ह गेलं असतं, तर दोघांचे पैसे कापले जाऊन एकाला तुम्हालाच फोन करून नाही म्हणावं लागलं असतं. बघणं आणि राखणं पुन्हा एकाच पायरीत आणलं, शिवाय एका वेळेला एकच बुकिंग अशी अट डेटाबेसमध्येच घातली. मग टेस्ट पास झाली.

त्याच टेस्टमध्ये आणखी एक प्रसंग आहे. ग्राहक पैसे भरतो आणि साइटवर परत यायच्या आतच टॅब बंद करतो. मोबाइलवर हे सर्रास होतं. अशा वेळी बुकिंग पक्कं व्हायला हवं ते पेमेंट गेटवेकडून आमच्या सर्व्हरला थेट येणाऱ्या निरोपावरून, म्हणजे वेबहुकवरून. गेटवे तोच निरोप कधी कधी दोनदा पाठवतो, म्हणून टेस्टही दोनदा पाठवते आणि बुकिंग एकच झालं, ईमेल एकच गेला, हे तपासते. हाताने तपासताना सहसा कुणी टॅब बंद करून बघत नाही.

या टेस्ट गेटवेच्या टेस्ट मोडवर चालतात. बँकेचं खरं ओटीपीचं पान किंवा खऱ्या पेमेंटसाठी लागणाऱ्या लाइव्ह कीमधली चूक त्यांत पकडली जात नाही. म्हणून अपडेट लाइव्ह गेल्यावर आम्ही लहान रकमेचं एक खरं पेमेंट करतो आणि ते रिफंड करतो.

बिलातली रक्कम फॉर्मच्या दुसऱ्या पानासाठी नव्याने लिहिलेल्या टेस्टची आहे. पुढच्या प्रत्येक अपडेटआधी त्याच चालतील, त्या चालवण्याचे वेगळे पैसे लागत नाहीत. फेल झालेल्या टेस्टचा व्हिडिओ आमच्याकडे आहे, दोन्ही ब्राउझर त्यात शेजारी शेजारी दिसतात. तुमच्या नोंदणीकृत ईमेलवर तो आज पाठवतो.