एकाच दारावरचे दोन क्रमांक

आज एका परिचितांनी परदेशातील एका निवासी रस्त्याचे छायाचित्र टाकून देश ओळखायला सांगितले आणि क्षणात उत्तरे आली. उतरती छपरे दिसतात म्हणून जर्मनी, दारावरची पाटी निळी आहे म्हणून फ्रान्स! छायाचित्र मोठे करून त्या पाटीवर काय लिहिले आहे, हे पाहण्याची तसदी कोणी घेतली नाही, याचा मला खरोखर राग आला. निळ्या पाटीवर पांढरा आकडा पॅरिसमध्ये असतो, तसाच व्हिएन्नामध्ये आणि प्रागमध्येही असतो. व्हिएन्नाच्या पाटीवर बहुधा आकड्यासोबत रस्त्याचे नावही असते. केवळ रंगावरून देश सांगणे म्हणजे निव्वळ घाई आहे.

माझे मामा गेल्यानंतर मामींनी त्यांच्या कागदांत सापडलेले एक रंगीत छायाचित्र मला दिले. मागे एक अक्षरही लिहिलेले नव्हते. मामा नोकरीनिमित्त युरोपात बरेच फिरले होते, त्यामुळे घरातील प्रत्येकाने आपापल्या आवडीचे शहर सुचवले. मी भिंग घेऊन दारे पाहिली. एका दारावर लाल पाटी होती, तिच्यावर १३४२, आणि तिच्या खाली निळ्या पाटीवर १५. शेजारच्या दारावर लाल ८७१ आणि निळा १७.

येथे थोडे थांबावे लागते, कारण सगळी गंमत शेजाऱ्यांच्या तुलनेत आहे. निळे आकडे दोनदोनने वाढतात, म्हणजे ते रस्त्यावरील स्थान सांगतात आणि विषम क्रमांकांची बाजू दाखवतात. लाल आकड्यांत मात्र असा क्रमच नाही. तो येणारही नाही, कारण या पद्धतीचे मूळ १७७० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्यातील राणी मारिया थेरेसाच्या राज्यात झालेल्या घरमोजणीत आहे. सैन्यभरतीसाठी माणसांची नोंद हवी होती, म्हणून वस्तीतील घरांना क्रमांक दिले गेले, आणि नंतर बांधलेल्या घराला ते कुठेही उभे राहिले तरी पुढचा मोकळा क्रमांक मिळत गेला. त्यामुळे ८७१ च्या भिंतीला भिंत लावून १३४२ उभे असते. पुढे पत्ता शोधणे अवघड झाले, तेव्हा रस्त्याप्रमाणे चालणारा दुसरा क्रमांक आला. चेक आणि स्लोव्हाक शहरांत जुना क्रमांक मोडीत न काढता दोन्ही ठेवले गेले, आणि आजही पत्ता १३४२/१५ असा लिहितात.

यावर कोणी म्हणेल की फ्लॉरेन्समध्येही लाल क्रमांक असतात. असतात, मान्य आहे. परंतु तेथे लाल क्रमांक दुकानांच्या दाराला आणि काळा किंवा निळा क्रमांक राहत्या घराच्या दाराला असतो; म्हणजे रंग दोन असले तरी ते वेगवेगळ्या दारांचे असतात. मामांच्या छायाचित्रात दोन्ही पाट्या एकाच दारावर होत्या, आणि एवढ्यानेच इटली बाजूला पडली.

उरले चेक आणि स्लोव्हाक. ते वेगळे करायला रस्त्याच्या नावाची पाटी लागते, आणि ती नेमकी झाडामागे अर्धी दडलेली होती. लाल पाटी, पांढरी अक्षरे, नावाचा फक्त शेवट दिसत होता. पण त्या शेवटात रोमन ‘आर’ या अक्षरावर व्ही-सारखी छोटी खूण स्पष्ट होती. हे अक्षर चेक लिपीत आहे, स्लोव्हाकमध्ये नाही. तसेच ‘यू’वर वर्तुळ दिसले तर चेक, आणि ‘ओ’वर टोपीसारखी खूण किंवा ‘ए’वर दोन टिंबे दिसली तर स्लोव्हाक समजावे. देश निश्चित झाला. क्रमांकाच्या लाल-निळ्या पाट्या आणि नावाची लाल पाटी ही प्रागची नेहमीची वेशभूषा आहे, म्हणून मी मामींना प्राग असावे असे सांगितले. पण ‘असावे’ हा शब्द मुद्दाम ठेवला, कारण इतर चेक गावांतही हे रंग आढळतात, आणि काही गावांनी वेगळे रंग घेतले आहेत. मामी बराच वेळ त्या लाल पाटीवर बोट ठेवून होत्या. राग बाजूला ठेवून सांगतो, या आकड्यांविषयी मला माया वाटते ती त्यामुळेच.

स्वतःच्या घराचे छायाचित्र टाकताना क्रमांक झाकावा, हा आग्रह योग्य आहे, त्याबद्दल वाद नाही. मात्र ‘देश ओळखा’ म्हणायचे आणि पाट्या कापून टाकायच्या, हे मला पटत नाही. मग लोक छपरांवरून बोलणार, दुसरे काय करणार?

दोन क्रमांकांची ही युक्ती सगळीकडे चालत नाही, हेही सांगायला हवे. चेक आणि स्लोव्हाक प्रदेशांतील लहान खेड्यांत रस्त्यांना बहुधा नावेच नसतात, त्यामुळे दुसऱ्या क्रमांकाची गरजही नसते. दारावर जुना क्रमांक एकटाच असतो. शेजारी-शेजारी ३६ आणि २१४ दिसले, तर हॅब्सबर्ग राज्याचा जुना प्रदेश असावा, इतकेच म्हणता येते. त्यापुढे देशाचे नाव घ्यायचे तर बसथांब्यावरचे किंवा दुकानावरचे एखादे खूण असलेले अक्षर सापडेपर्यंत शोधत राहावे लागते.