भारी मुद्दा शेवटाला? नको

“इन्स्टाग्रामच्या लिस्टवाल्या कॅरोसेलमध्ये सगळ्यात भारी मुद्दा शेवटच्या स्लाइडला ठेवा. तो बघायला लोक शेवटपर्यंत स्वाइप करतात. मधल्या स्लाइड कुणी बघत नाही, तिथं काहीही चालतं. आणि शेवटचंच लक्षात राहतं.”

असा सल्ला देणाऱ्याला माझा प्रश्न: शेवटी काहीतरी भारी आहे हे बघणाऱ्याला कळणार कसं? त्याच्यासमोर फक्त कव्हर, म्हणजे पहिली स्लाइड असते. शिवाय कव्हरवरून स्वाइप न करता फीडमध्ये पुढं गेलेल्याला इन्स्टाग्राम तीच पोस्ट नंतर कधीकधी दुसऱ्या स्लाइडपासून दाखवतं. म्हणजे दुसरी स्लाइड हे दुसरं कव्हरच. तिथं “चला तर मग बघूया” लिहिणं म्हणजे मिळालेली दुसरी संधी घालवणं. उलटी मोजणी चालते, पण कव्हरवरच ‘पहिला नंबर कुणाचा?’ अशी पैज लावली असेल तर.

समजा, ‘बेळगावातून एका दिवसात जाऊन येण्यासारखी 6 ठिकाणं’ करायची आहेत. मी सुरुवात हलशीनं करेन. कदंबांच्या काळातली मंदिरं खानापूर तालुक्यातच आहेत, तरी आमच्याकडं “हलशीला गेलोच नाही की” म्हणणारे पुष्कळ. गोकाकचा धबधबा फोटोत जास्त उठतो खरा, पण बेळगावकराला त्यात नवं काय? पोस्ट पुण्याच्या लोकांसाठी असती तर मी गोकाकच पुढं आणला असता.

मधलं म्हणाल तर तिथली प्रत्येक स्लाइड म्हणजे बाहेर पडायचं दार. सलग दोन मिळमिळीत आल्या की माणूस गेला. म्हणून हलशीनंतर कित्तूर, मग बैलहोंगलावरून सौंदत्ती, यरगट्टीवरून गोकाक असा गाडीच्या वाटेचा क्रम लावायचा. पुढचं ठिकाण आधीच्याला जोडून येतं, आणि तीन किल्ले-देवळांनंतर पाचव्या स्लाइडला पाणी दिसलं की नजर पुन्हा ताजी होते. भुईकोट किल्ल्यातली कमल बस्ती गावातलीच, सगळ्यांच्या माहितीची. ती सहाव्या स्लाइडला. तिथपर्यंत आलेला माणूस एका ओळखीच्या ठिकाणामुळं सोडून जात नाही.

लक्षात राहण्याचं म्हणणं अर्धंच खरं. ग्लान्झर आणि क्युनिट्झ या मानसशास्त्रज्ञांनी 1966 मध्ये लोकांना 15 शब्दांच्या याद्या दाखवल्या. लगेच विचारल्यावर शेवटचे शब्द चांगले आठवले, पण मध्ये 30 सेकंद आकडे मोजायला लावल्यावर शेवटच्यांचा फायदा उडाला, सुरुवातीच्यांचा टिकला. ते सुटे शब्द होते, चित्रं नव्हेत, एवढी मर्यादा धरूनही बघा: आपल्या शेवटच्या स्लाइडनंतर बोट थांबतं का? लगेच कुणाचं तरी लग्न, मग क्रिकेट.

म्हणून शेवटाला मी राजहंसगड ठेवेन. तो भारी आहे म्हणून नव्हे, सगळ्यात सोपा म्हणून: गाव सोडून जवळच, संध्याकाळी दुचाकी काढली की झालं. त्याच स्लाइडवर एक ओळ: “रविवारी कोण येणार, त्याला पाठवा.”