काथ्याची आंघोळ

जिन्याखालच्या फळ्यावर काही दिवसांपासून एक ओळ आहे : ‘गच्चीवर नारळ धुण्यास सक्त मनाई.’ ‘सक्त’खाली दोन रेघा. आता नारळ कुणीच धुतला नव्हता. गच्चीवरच्या भाजीच्या पिशव्यांत घालायला कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, धुतलं होतं, त्याचं कोऱ्या चहासारखं पाणी पन्हळीतून खाली गेलं आणि खाली एक पांढरी स्कूटर उभी होती, एवढंच. स्कूटर मी पुसून दिली, साबण लावून दिली. तरी रेघा दोन!

धुवायचं कशाला, हे मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. काथ्या सोडवण्यासाठी नारळाची सोडणं पुष्कळदा किनाऱ्याजवळच्या खाऱ्या पाण्यात भिजत घालतात. शिवाय सोडणात मुळातच क्षार असतात. काथ्या निघाल्यावर उरलेला भुसा दाबून पाच किलोची वीट करतात, आणि ते मीठही विटेबरोबर आपल्या घरी येतं. न धुता वापरलं तर रोपं आठवडाभर गप्प बसतात, मग पानांच्या कडा भाजल्यासारख्या तपकिरी होतात आणि आपण कीड शोधत बसतो. वीट मोठ्या टपात ठेवून पंचवीस लिटर पाणी घालायचं, अर्ध्या तासात ती फुगून साठ लिटरच्या आसपास भुसा होते. तो विरळ विणीच्या पोत्यात भरून वरून पाणी ओतायचं, निथळू द्यायचं, पुन्हा ओतायचं. दोन-तीन पाण्यांनंतर चहाचा रंग फिका होतो. विटेवर ‘धुतलेले’ असं छापलेलं असलं तरी एक पाणी मी काढतेच.

तर पहिलं पाणी निथळत असताना तळमजल्यावरचे अण्णा वर आले. अण्णा तरुणपणी तालमीत होते. आता फक्त तालमीबद्दल बोलतात.

‘‘हे काय करायलाय वैनी? काथ्याला आंघोळ?’’

मी म्हटलं, मीठ काढतेय. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, टपाकडे पाहिलं, बोट बुडवलं आणि थेट जिभेला लावलं. मी ‘अहो’ म्हणेपर्यंत निकालही आला होता. ‘‘खारट हाय,’’ ते म्हणाले, ‘‘पर लई न्हाई.’’ क्षार मोजायचं यंत्र मिळतं. अण्णा फुकट मिळतात. यंत्र मात्र मोजून झालं की गप्प बसतं.

अण्णा तिथंच पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसले. मातीबद्दल कोल्हापुरात कुणाला शिकवायला जाऊ नये, कारण इथं माती म्हणजे आखाडा. ‘‘आमच्या तालमीची माती बघायची हुती वैनी. ताक, तेल, हळद, लिंबू, काव. लोण्यावानी मऊ. तुमच्या कुंडीतबी दोन तांबं ताक आन वाटीभर तेल घाला. वांगी पैलवान हुतील.’’

हसू आलं, पण मुद्दा त्यांनीच नकळत काढून दिला होता. आखाड्याची माती तेलाने मऊ राहत नाही, ती खणल्यामुळे मऊ राहते. पोरं रोज फावडं घेऊन ती उकरतात. एकदा रोप लावलं की कुंडी कुणी उकरत नाही. तिच्यातल्या मातीला चार महिने स्वतःच्या पायावर भुसभुशीत राहायचं असतं, आणि आपली काळी माती नेमकं तेच करत नाही. ओली झाली की फुगते, चिकटते, मुळांजवळची हवा हाकलून देते. वाळली की आकसते. शेतात तिला भेगा पडतात, कुंडीत ती सगळीकडून काठ सोडते. मग पाणी घातलं की ते मातीत न मुरता त्या फटीतून सरळ खालच्या भोकाला जातं. आपण म्हणतो, वा, निचरा काय सुंदर! आत गोळा कोरडा ठणठणीत. कुंडी उचलून बघितली की कळतं. पाणी घालूनही हलकी लागते. आणि तेल घातलं तर माती पाणी घ्यायचंच नाकारेल. ताकाबद्दल मी काही बोलले नाही. सगळंच खोडून काढलं की माणसं फळ्यावर लिहितात.

म्हणून शहरातली काळी माती असेल तर मी एक डबा माती, दोन डबे धुतलेलं कोकोपीट, एक डबा खत असं धरते. पन्हाळ्याच्या बाजूची लाल माती मिळाली तर तिन्ही सारखे चालतात, कारण ती एवढी फुगत-आकसत नाही. माती अगदीच वगळावी असं सांगणारेही आहेत, पण थोडी माती असली की खत धरून राहतं आणि उन्हाळ्यात पिशवी वाऱ्याने लवंडत नाही.

इथं अण्णा खाली जाऊन हुकाचा काटा घेऊन आले.

‘‘डबा न्हाई चालायचा. हिसाब किलोत पायजे. एकास एकास एक. पाच किलोची वीट हाय न्हवं? मग पाच किलो माती, पाच किलो खत. झालं.’’

‘‘अण्णा, पाच किलोची वीट फुगून साठ लिटर झालीय.’’

‘‘फुगली म्हणून वजन बदलतंय व्हय?’’

‘‘पाण्याने बदललंच की.’’

‘‘ते पाण्याचं. काथ्याचं सांगा.’’

वकील व्हायचा माणूस पैलवान झाला. मी शेवटी गच्चीवर कोळशाने लिहिलं : पाच किलो कोरडी माती म्हणजे जेमतेम चार लिटर, पाच किलो गांडूळखत आठेक लिटर, आणि वीट साठ. काट्याने मोजलेलं ‘एकास एक’ म्हणजे दहातले आठ डबे नुसता भुसा. भुशात रोपाला खायला जवळजवळ काही नाही, उलट तो कुजताना थोडं नत्र स्वतःच धरून ठेवतो. पंधरा दिवसांत खालची पानं पिवळी. मुळांना जागा आकारमानाची लागते, वजनाची नाही, म्हणून कुंडीचं माप डब्यानेच घ्यायचं. अण्णांनी आकडे वाचले, मान हलवली आणि म्हणाले, ‘‘काटा मात्र चांगला हाय. घरचा हाय.’’

माझा हिशेब सहा पिशव्यांचा होता. बारा इंच रुंद, बारा इंच उंच. वरचे दोन इंच पाण्यासाठी मोकळे सोडले की एकीत साडेअठरा लिटर बसतं, सहांना एकशे अकरा. दहा लिटरचा रंगाचा रिकामा डबा घेतला. माती तीन डबे, कोकोपीट सहा, खत तीन. बेरीज एकशे वीस होते, पण मिसळल्यावर बारीक कण मोठ्यांच्या फटींत शिरतात आणि ढीग थोडा बसतो. बरोबर सहा पिशव्या. माती आधी वाळवून, ढेकळं फोडून, चाळून घ्यायची. ओल्या काळ्या मातीचे गोळे पिटात तसेच राहतात, कितीही कालवा. पिशवीमागे एक मूठ निंबोळी पेंड. ढीग एका घमेल्यातून दुसरीकडे असा तीनदा उलटायचा. मग मूठ भरून दाबायची : गोळा व्हावा, बोटांतून एखादा थेंब यावा, आणि अंगठ्याने टोचलं की गोळा फुटावा. धार लागली तर फार ओलं, गोळा फुटलाच नाही तर माती जास्त.

खताचा वेगळा जाच. विक्रेता ‘पूर्ण कुजलेलं’ म्हणतो ते आपण ऐकून घ्यायचं असतं. न कुजलेलं शेणखत पिशवीत तापतं आणि कोवळी मुळं जाळतं. मी अळीव पेरून बघते. एका बशीत नुसतं धुतलेलं कोकोपीट, दुसरीत त्यात निम्मं खत, दोन्हींत दहा-दहा बिया. अळीव दोन-तीन दिवसांत उगवतो. खताच्या बशीत उगवण निम्मी आली किंवा मुळांची टोकं तपकिरी झाली तर पोतं अजून महिनाभर ओलसर ठेवून द्यायचं. या वेळी बशा जिन्यात सावलीला ठेवल्या होत्या. संध्याकाळपर्यंत तीन बायका विचारून गेल्या, कुणाकडं पाळणा हलला? एकीने लाडवाला गूळ किती घालायचा तेही सांगितलं. खत नापास झालं ते सांगायला मात्र कुणी थांबलं नाही. पोतं परत न्यायला गेले तर दुकानदार म्हणाला, बियाच जुन्या असतील. नुसत्या कोकोपीटच्या बशीत त्याच बिया दहाच्या दहा उगवल्या होत्या, पण बशी घेऊन कोण दुकानात जातं? दुसरं पोतं विकत आणलं. पैसे गेले ते गेले.

भरायच्या दिवशी अण्णा फुटक्या कौलांची पाटी घेऊन हजर. ‘‘तळाला दोन इंच खापऱ्या. आमच्या आईनं जन्मभर घातल्या.’’ आईचा विषय आला की माणसाचं तोंड बंद होतं. पण बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहजासहजी उतरत नाही, ते सीमेवर अडून बसतं. ओल्या स्पंजच्या तळाशी पाणी धरलेलं राहतं, तसं. खापऱ्यांचा थर घातला की तो ओला पट्टा तळाऐवजी दोन इंच वर येतो, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ. भोकावर एकच तुकडा, उपडा, माती वाहून जाऊ नये म्हणून. अण्णांचे सहा तुकडे मी घेतले आणि पाटी परत केली. ते दुखावले. रेघा कुणी मारल्या याचा मला तेव्हापासून संशय आहे.

हे प्रमाण उन्हाळ्याचं. आपल्या जून-जुलैच्या पावसात एवढं पीट चिखलच धरून बसेल, म्हणून तेव्हा निम्म्या पिटाच्या जागी भाताचं तूस घालायचं.

दहा दिवस ओल्या पोत्याखाली ठेवून मिश्रण भरलं, टोमॅटो, वांगी आणि मिरची लावली. आता भानगड वेगळीच. कोकोपीट वरून तासाभरात फिकं, कोरडं दिसतं आणि दोन इंच खाली गच्च ओलं असतं. बोट घालून बघायचं, बोटाला ओल लागली तर पाणी नाही. अण्णा बोट फक्त जिभेला लावतात. सकाळी फिरून आले की ‘‘बिचारी सुकल्यात’’ म्हणत सहाही पिशव्यांना तांब्या-तांब्या ओततात. वांग्याची पानं दुपारी मान टाकताहेत, माती ओली असताना, म्हणजे मुळं गुदमरायला लागली.

आज खडू घेऊन खाली गेले. फळ्यावर नारळाच्या ओळीखाली जागा होती. ‘गच्चीवरील पिशव्यांना पाणी घालण्यास सक्त मनाई.’ ‘सक्त’खाली तीन रेघा मारल्या.