होरायझनवर डोकी बसवली म्हणजे स्केल बसलं असं नाही

"बिल्डिंगच्या फोटोत माणसं टाकायची तर सगळ्यांची डोकी होरायझनवर ठेवा, फोटो कुठूनही काढलेला असो. होरायझन म्हणजे मागे आकाश टेकतं ती रेघ. झाडं-गाड्या डोळ्याला बऱ्या दिसतील तशा लहानमोठ्या करायच्या, कटआउट कुठलाही चालतो."

आर्किटेक्चरच्या मुलांमध्ये हे इतकं फिरतंय की ज्युरीच्या शीट्सवर दुमजली उंचीची माणसं दिसायला लागलीत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

डोक्यांचा नियम खोटा नाही, पण तो फक्त रस्त्यावर उभं राहून काढलेल्या फोटोला लागू होतो. होरायझन म्हणजे कॅमेऱ्याची उंची, एवढंच. कॅमेरा जमिनीपासून जितका वर, तितक्याच उंचीवर ती रेघ सपाट जमिनीवरच्या प्रत्येक वस्तूला कापते, मग ती वस्तू जवळ असो की लांब. कॅमेरा 1.6 मीटरवर असेल तर साधारण तेवढ्याच उंचीच्या सगळ्यांची डोकी त्या रेघेवर येणारच. पण तिथेही लहान मुलं, बाकावर बसलेल्या आजी खाली राहणार, आणि 45 सेंटीमीटरच्या प्लिंथवर उभा असलेला माणूस तेवढाच वर जाणार, त्याला ओढून रेघेवर आणलंत तर तो प्लिंथमध्ये बुडालेला दिसतो.

आता पुण्यातली नेहमीची केस घ्या. कोथरूडमधली रीडेव्हलपमेंटची बिल्डिंग, समोर रस्ता अरुंद, खालून फ्रेममध्ये मावत नाही म्हणून समोरच्यांच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून फोटो काढला. समजा होरायझन पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या मध्यातून जातोय आणि एलिव्हेशन ड्रॉइंगमध्ये तो मध्य रस्त्यापासून 4.8 मीटरवर आहे. म्हणजे कॅमेरा 4.8 मीटरवर. एक माणूस असा उभा करायचाय की त्याचे पाय होरायझनच्या 600 पिक्सेल खाली येतील. त्या जागी 600 पिक्सेल म्हणजे 4.8 मीटर, तर 1.6 मीटरचा माणूस 200 पिक्सेलचा. दुसरा लांब आहे, पाय 300 पिक्सेल खाली, तो 100 पिक्सेलचा. तिथेच 8 मीटरचा गुलमोहर लावला तर तो 500 पिक्सेलचा, म्हणजे होरायझनच्या 200 पिक्सेल वर. डोकी होरायझनवर टेकवली असती तर दोघंही 4.8 मीटरचे झाले असते आणि बिल्डिंग खेळण्यातली वाटली असती. एवढंच गणित आहे, पायापासून होरायझनपर्यंतचं अंतर मोजा, कॅमेऱ्याच्या उंचीने भागा, वस्तूच्या खऱ्या उंचीने गुणा. लहानमोठं करताना पाय जागेवरून हलू देऊ नका, पाय हलले की सगळं परत मोजावं लागतं.

पण त्यासाठी होरायझन आधी नीट सापडायला हवा, आणि आकाश टेकतं ती रेघ पुण्यात तर हमखास फसवते. मागे वेताळ टेकडी आली की आकाश टेकडीच्या माथ्यावर टेकतं आणि खरा होरायझन कितीतरी खाली असतो. बिल्डिंगच्याच आडव्या रेघा घ्या, छज्जे, खिडक्यांचे सिल, स्लॅबच्या कडा, एकाच बाजूच्या दोन-तीन रेघा लांबवा, त्या जिथे मिळतात तिथून फ्रेमला सरळ आडवी रेघ मारा. रस्त्याच्या कडा मात्र घेऊ नका, बावधन-सूसकडचे रस्ते चढउताराचे असतात आणि त्यांचा व्हॅनिशिंग पॉइंट होरायझनवर पडतच नाही. अशा रस्त्यावर माणूस एक मीटर खालच्या पातळीवर उभा असेल तर वरच्या हिशोबात 4.8 ऐवजी 5.8 धरायचे. आणि कॅमेरा वर करून काढलेला फोटो असेल, उभ्या रेघा आत झुकत असतील, तर आधी त्या सरळ करून घ्या आणि मगच होरायझन शोधा, नाहीतर नंतर सरळ करताना होरायझन सरकतो आणि बसवलेली माणसं चुकतात.

राहिला कटआउट. माप तंतोतंत बसवलं तरी गाडी तरंगल्यासारखी का दिसते, तर ती गाडी फुटपाथवर उभं राहून टिपलेली असते. 1.5 मीटरच्या गाडीचं टप त्या उंचीवरून जवळजवळ दिसतच नाही, नुसती बाजू दिसते. आपल्या गॅलरीतल्या फोटोत 8 मीटरवरच्या गाडीचं टप आणि बॉनेट चांगलं दिसायला हवं, 20 मीटरवर थोडंच. तेव्हा जवळच्या गाड्यांना वरून काढलेलेच कटआउट शोधा, नसतील तर गाडी लांब न्या किंवा झाडाआड अर्धी लपवा. माणसं उभी-निमुळती असल्यामुळे थोडं खपवून घेतात, गाड्या अजिबात नाही.