सकाळची गोळी आणि ‘मानेच्या वर’चा नियम : एका प्रतिक्रियेला उत्तर

“डॉक्टरताई, तुमचा सर्दीतल्या व्यायामाचा लेख माझ्या सोळा वर्षांच्या मुलाने वाचला आणि मला दाखवला. मंगळवारी पहाटे त्याचा घसा खवखवत होता, थोडं अंग दुखत होतं. साडेपाचला सर्दीची गोळी दिली, सहाला थर्मामीटर लावला तर 98.4. घसा मानेच्या वरच, म्हणून पाच किलोमीटर पळून आला. दुपारी एकला 102! तीन दिवस ताप होता. काल रात्रीपासून नाही, पण खोकला आहे आणि सोमवारी टीमचं सिलेक्शन आहे. आमच्या आजी म्हणायच्या, सर्दी झाली की अंथरूण धरायचं. त्याच बरोबर होत्या. असले परदेशी नियम इंदूरच्या लोकांना कशाला सांगता?”
— एक आई, सुदामा नगर

ताई, आधी माझी चूक. लेखात मी ‘त्रास मानेच्या वरच असेल तर हलका व्यायाम चालतो, मानेखाली असेल तर बंद’ हा नियम पहिल्याच ओळीत ठळक लिहिला आणि गोळीची गोष्ट लिहिलीच नाही. मुलं पहिली ओळ वाचून बूट घालतात, हे मला कळायला हवं होतं.

तुम्ही वेळा लिहून ठेवल्यात हे फार बरं केलंत, कारण सगळी गोष्ट त्या वेळांतच आहे. सर्दीच्या बहुतेक तयार गोळ्यांत पॅरासिटामॉल असतं. पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं, पण घरात आपण तिला ‘सर्दीची गोळी’ म्हणतो, ‘तापाची’ नाही. पॅरासिटामॉल अर्ध्या-एक तासात काम सुरू करतं आणि साधारण चार ते सहा तास टिकतं. म्हणजे सहाचा 98.4 हा आकडा कदाचित गोळीचा होता, मुलाचा नव्हे. साडेनऊ ते साडेअकराच्या दरम्यान गोळी उतरली आणि एकला खरा आकडा दिसला. तीच गोळी अंगदुखीही दाबते, म्हणजे दुसरी खूणही तिनेच पुसली. म्हणून थर्मामीटर गोळीच्या आधी लावायचा. गोळी घेतलीच असेल तर त्या सकाळी मैदानाचा विचार सोडून द्यायचा.

पळण्यामुळे ताप आला का? नाही. हा बहुधा फ्लू असावा, आणि फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, म्हणजे तो आधीच आत होता. तरीही पळणं चुकलंच, त्याचं कारण वेगळं आहे. तापात हृदय बसल्या जागी जास्त धडधडतं, एक अंश सेल्सिअसमागे मिनिटाला साधारण दहा ठोके. 102 फॅरनहाइट म्हणजे जवळजवळ 39 सेल्सिअस, तेव्हा निजलेल्या मुलाची नाडीही वीसेक ठोक्यांनी वर असते. त्यावर पाच किलोमीटर! शिवाय काही विषाणू हृदयाच्या स्नायूला सूज आणू शकतात. कॉक्सॅकी हा त्यांतला एक. 1970च्या सुमारास त्याची लागण केलेल्या उंदरांना पोहायला लावलं, तेव्हा त्यांच्या हृदयात विषाणू खूप जास्त वाढला. माणसात अशी सूज क्वचित येते, पण तापात पळू नये या सांगण्यामागे ही भीती आहे.

आता नियम. अमेरिकेतले डॉ. आइकनर यांनी तो 1990च्या दशकात खेळाडूंसाठी रूढ केला. नाक गळणं, शिंका, घशात हलकी खवखव एवढंच असेल तर अर्ध्या जोरात दहा मिनिटं करून बघायचं. डोकं मोकळं वाटलं तर पुढे, डोकं ठणकायला लागलं तर घरी. छातीतला खोकला, अंगदुखी, ताप, पोट बिघडणं हे मानेखालचं, तिथे व्यायाम बंद. त्याच दशकात बॉल स्टेट विद्यापीठात निरोगी तरुणांच्या नाकात सर्दीचा साधा विषाणू मुद्दाम सोडला. काहींनी दहा दिवस एक दिवसाआड चाळीस मिनिटं मध्यम व्यायाम केला, काहींनी केला नाही. सर्दी दोघांची सारखीच लांबली, सारखीच जाणवली. पण हे साध्या सर्दीचं झालं. फ्लूवर तो निष्कर्ष लावता येत नाही.

आणि पहिल्या सकाळी दोन्हींचा घसा सारखाच खवखवतो, नियम इथेच फसतो. सर्दी दबक्या पावलांनी येते, घसा, मग नाक, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर. फ्लू काही तासांत अंग मोडून टाकतो. म्हणून माझ्या घरी मी एक जोड दिली आहे, ती माझी आहे, कुठल्या पुस्तकातली नाही. नाक अजून गळत नाही, नुसता घसाच धरलाय, तर तो दिवस थांबायचं. संध्याकाळपर्यंत उत्तर आपोआप मिळतं.

तुमच्या आजी अर्ध्या बरोबर होत्या. ज्याला आपण ‘कणकण’ म्हणतो, ती मानेखालची गोष्ट आहे. थर्मामीटरच्या आधी तीच सांगते. तुमच्या मुलाला ती मंगळवारी पहाटेच होती, ‘थोडं अंग दुखत होतं’ असं तुम्हीच लिहिलंय. पण नाक गळतंय एवढ्यावर तीन दिवस अंथरूण धरायची मात्र गरज नाही. पिपल्यापाला पार्कला एक फेरी मारली तर आजींच्या नातवाचं काही बिघडणार नाही.

इंदूरसाठी एक भर मात्र घालायला हवी. पावसाळ्यात आणि नंतरच्या दोन महिन्यांत नाक कोरडं, खोकला नाही आणि ताप सणसणीत, तर मानेचा विचार बाजूला ठेवून डेंग्यू-मलेरियाची तपासणी करायची. तोवर ताप उतरवायला फक्त पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नाही, कारण डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होऊ शकतात. तेव्हा पोटात जोराचं दुखलं, सारख्या उलट्या झाल्या किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच दवाखाना.

शाळेचं वेगळं गणित आहे. मानेचा नियम आपल्या शरीराला झेपेल का एवढंच बघतो, शेजारच्या बाकावरच्या मुलाला लागण होईल का हे नाही. साधी सर्दीही पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त पसरते, म्हणजे पळायला परवानगी असलेला मुलगा वर्गात सगळ्यांना सर्दी वाटत बसतो. नुसतं नाक गळत असेल तर रुमाल किंवा मास्क देऊन शाळेत पाठवा, पण ताप असेल तर गोळीशिवाय पूर्ण चोवीस तास ताप नसल्यावरच. ऑफिसलाही हेच. घरून काम होत असेल तर सर्दीचे पहिले दोन दिवस तसं करा.

आता सोमवार. शेवटची गोळी किती वाजता दिली, ते आठवा. काल रात्री ताप नव्हता, पण आठला गोळी दिली असेल तर चोवीस तासांची मोजणी गोळी उतरल्यावर, म्हणजे मध्यरात्री-दोनपासून सुरू होते. त्यात ताप परतला नाही तर घरातल्या घरात हिंडू द्या, रविवारी वीस मिनिटं सपाटीवर चालवा. सकाळी डोळे उघडल्यावर, अंथरुणातच, मनगटावर नाडी मोजा. नेहमीपेक्षा दहा-बारा ठोके जास्त असतील तर शरीर अजून कामात आहे. आणि खोकला छातीतून, कफासह येत असेल तर तो मानेखालचाच. सिलेक्शनला पळवू नका, असंच मी सांगेन. प्रशिक्षकांना फोन करून दुसरी तारीख मागा, तापातून उठलेल्या मुलासाठी बरेच जण मान्य करतात.

चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखलं, धाप लागली, ठोका चुकल्यासारखा वाटला किंवा चक्कर आली, तर सिलेक्शन विसरा आणि त्याच दिवशी ईसीजी काढून घ्या.

लेखाची पहिली ओळ मी आज बदलते आहे. तिथे आधी थर्मामीटर येईल, मग गोळी, आणि मान त्यानंतर.