खुलासा: रेशो १२ का चालणार नाही

"सिंहगडचा घाट चढायचाय ना, मग रिडक्शन रेशो १२ ठेवा. जास्त रेशो केव्हाही चांगला."

हा सल्ला पाळला तर चढाला जोर मिळतो, पण वेग जातो. रिडक्शन रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे मोटरचे किती फेरे. पुण्यातल्या आपल्या इलेक्ट्रिक गाडीचंच घ्या. भार पडल्यावर चाकाची त्रिज्या ०.३० मीटर, म्हणजे एका फेऱ्यात १.८८५ मीटर. ताशी १२० किमी गाठायचे तर चाक मिनिटाला १,०६१ फेरे घेतं. मोटरची मर्यादा १०,००० आरपीएम असल्याने रेशो ९.४ च्या वर नेता येत नाही. १२ घातला तर गाडी ९४ लाच अडकेल, एक्स्प्रेसवेवर १०० सुद्धा गाठणार नाही.

मी ९ घेईन. टायर झिजला की त्रिज्या घटते आणि फेरे वाढतात, तेवढी जागा हवीच. चाकावरचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, १२ च्या तुलनेत पाव भागाने कमी होईल. घाटात तो अपुरा पडला, तर जास्त टॉर्कची मोटर निवडा.